‘आकृती ७.३ पाहा’: नोट्सच्या गठ्ठ्यात उसनं काय असतं

नोट्स ऑनलाइन विकण्याचा वाद दर परीक्षेच्या हंगामात नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, वर्गात ऐकलेलं बाहेर विकणं ही सरळ चोरी आहे. दुसरी म्हणते, ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं, तेव्हा कुणीही काहीही विकावं. ही दोन्ही वाक्यं मला पटत नाहीत, कारण दोघांपैकी कुणीच प्रत्यक्ष नोट्सचं पान उघडून पाहत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. स्वतः विचार करून नव्याने मांडलेल्या नोट्स विकण्यात काहीही गैर नाही. दुसऱ्याची मांडणी शब्द फिरवून विकणं मात्र गैर आहे. आणि ही उसनवारी बहुतेक वेळा विक्रेत्याच्या वाईट हेतूमुळे होत नाही, ती ‘संपूर्ण अभ्यासक्रमाचा संच’ या विक्रीच्या पद्धतीतून येते. म्हणून मौलिकतेचा प्रश्न किमतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. वादात नेमकं हेच सुटतं.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि काही वर्षं नोट्सही विकते. माझ्याच विषयाचा चौदा प्रकरणांचा एक संच एका विद्यार्थिनीने मला दाखवायला आणला होता. पहिली चार प्रकरणं वाचताना मला खरोखर आनंद झाला. लिहिणारा विद्यार्थीच होता, पण कुठे अडखळायला होतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. वाक्यं छोटी होती, उदाहरणं त्याची स्वतःची होती, एका ठिकाणी तर त्याने स्वतःची जुनी चूक लिहून ती कशी सुधारली तेही दाखवलं होतं. पाचव्या प्रकरणापासून भाषा बदलली. ‘तू इथे थांब आणि हे ताडून पाहा’ म्हणणारा माणूस एकदम ‘प्रस्तुत संकल्पनेचे महत्त्व पुढीलप्रमाणे विशद करता येईल’ असं बोलू लागला. सातव्या प्रकरणात एका परिच्छेदाच्या शेवटी ‘आकृती ७.३ पाहा’ असं लिहिलं होतं. त्या प्रकरणात एकही आकृती नव्हती. आकृती होती ती ज्या पुस्तकातून हा परिच्छेद उचलला त्या पुस्तकात. चित्र काढायचा कंटाळा आला आणि त्याकडे दाखवणारं बोट मात्र पानावर राहून गेलं. ज्या मुलाला पहिली चार प्रकरणं अशी लिहिता येतात, त्याला उरलेली दहा लिहिता आली नसती असं मला वाटत नाही. त्याला ती लिहायला वेळ नव्हता आणि संच मात्र पूर्ण दिसायला हवा होता.

विरोधकांची सर्वांत बळकट बाजू आधी मान्य करते. शिक्षकाचं व्याख्यान म्हणजे हवेत विरून जाणारे शब्द नव्हेत. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, कुठलं उदाहरण कशासाठी, हे ठरवण्यात त्याची वर्षं गेलेली असतात. हा वाद आजचाही नाही. १८२४-२५ मध्ये लंडनमधले शल्यविशारद जॉन ॲबरनेथी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, कारण त्यांची व्याख्यानं परवानगीशिवाय त्यात छापली जात होती. व्याख्यान ऐकायला आलेल्या विद्यार्थ्याला ते स्वतःच्या माहितीसाठी टिपून घेण्याची मुभा आहे, नफ्यासाठी छापण्याची नाही, असा त्या प्रकरणातला मुख्य विचार होता आणि ॲबरनेथींना मनाई हुकूम मिळाला. पुढे साहित्यकृतींच्या संरक्षणासाठी १८८६ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या संरक्षित कृतींच्या यादीत नंतर व्याख्यानांनाही जागा मिळाली. म्हणजे वर्गात शब्दशः टिपून घेतलेली वही स्वच्छ अक्षरात टाइप करून विकणाऱ्याला ‘मी लिहिलं म्हणून माझं’ असं म्हणता येणार नाही. हात त्याचा असला तरी मांडणी शिक्षकाची आहे. तिथे शिक्षकाची परवानगी घ्यावी, नाहीतर ती वही स्वतःच्या अभ्यासापुरती ठेवावी. या मुद्द्यावर मी शिक्षकांच्या बाजूने आहे.

पण यावरून ‘नोट्स विकणं म्हणजे चोरी’ हा निष्कर्ष निघत नाही. लंडनमध्येच १७४० च्या सुमारास लॉर्ड हार्डविक यांच्यापुढे एक खटला आला होता. मॅथ्यू हेल यांच्या फौजदारी कायद्यावरच्या ग्रंथाचा एकाने संक्षेप काढला आणि मूळ ग्रंथाच्या प्रकाशकाने त्यावर दावा लावला. हार्डविक यांनी तिथे जो फरक केला तो आजही नोट्सवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मूळ मजकूर इथे-तिथे कापून फक्त आखूड केला असेल, तर ते संक्षेपाचं सोंग आहे. पण संक्षेप करणाऱ्याने स्वतःची समज, शोध आणि निवड त्यात ओतली असेल, तर ते नवं पुस्तक आहे. कायदा तेव्हापासून बराच बदलला आणि देशोदेशी वेगळा आहे. मूळ विचार मात्र टिकून आहे. कल्पना, सूत्र, वस्तुस्थिती ही सगळ्यांची असते. ती ज्या शब्दांत, ज्या क्रमाने, ज्या उदाहरणांनी मांडली, ती मांडणी मांडणाऱ्याची असते. मागणीचा नियम कुणी विकत घेऊ शकत नाही. तो समजावण्याची एखाद्याची पद्धत मात्र त्याची आहे.

इथे बरेच विक्रेते सुटकेचा निःश्वास टाकतात आणि शब्द बदलायला बसतात. ‘महत्त्वाचे’ काढून ‘मोलाचे’, ‘परिणाम’ काढून ‘प्रभाव’. एवढ्याने मांडणी आपली होते का? एक प्रकरण घेऊन पाहू. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत काही टक्क्यांनी बदलली की मागणी त्याच्या किती पट टक्क्यांनी बदलते ते. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण व्याख्येने सुरू होतं, मग लवचिकतेचे पाच प्रकार, मग मोजण्याच्या पद्धती, मग ती ठरवणारे घटक, शेवटी महत्त्व. हा साचा इतका रुळलेला आहे की त्यावर कुणाची मालकी सांगता येणार नाही. पण एखाद्या पुस्तकाने घटक मांडताना नऊ मुद्दे एका विशिष्ट क्रमाने घेतले, प्रत्येकाला स्वतःचं उदाहरण जोडलं, आणि माझ्या नोट्समध्ये तेच नऊ मुद्दे त्याच क्रमाने त्याच उदाहरणांसह आले, तर प्रत्येक शब्द बदलला तरी ते त्या पुस्तकाचंच प्रकरण आहे. उसनवारी क्रमात आणि उदाहरणांत राहते, शब्द फक्त वरचं कापड असतं.

आता तेच प्रकरण पुस्तक मिटून लिहायचं ठरवलं तर काय होतं? मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका समोर घेते आणि ते कुठे चुकतात ते पाहते. सर्वांत मोठी चूक एकच असते. रेषेचा उतार आणि लवचिकता त्यांना एकच वाटते. म्हणून माझं प्रकरण व्याख्येने सुरू होत नाही, एका सरळ मागणी रेषेने होतं. किंमत शून्य असताना मागणी १०० नग, आणि किंमत एकाने वाढली की मागणी १० नगांनी घटते. उतार सगळीकडे तोच. किंमत ८ असताना मागणी २० नग उरते. तिथे किंमत एकाने, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी, घटवली तर मागणी दहाने, म्हणजे पन्नास टक्क्यांनी, वाढते. पन्नासला साडेबाराने भागलं, लवचिकता आली ४. किंमत ५ असताना मागणी ५०, तिथे लवचिकता बरोबर १. किंमत २ असताना मागणी ८०, तिथे फक्त ०.२५. रेष एकच, उतार एकच, तरी लवचिकता चारपासून पावपर्यंत घसरली. मग मी विचारते, ८ वर बसलेल्या विक्रेत्याने किंमत ७ केली तर काय होईल? त्याच्या विक्रीची रक्कम १६० वरून २१० वर जाते. आणि २ वर बसलेल्याने १ केली तर? १६० वरून ९० वर येते. व्याख्या यानंतर येते आणि तेव्हा ती पाठ करावी लागत नाही. यातलं सूत्र माझं नाही, सरळ रेषेचं उदाहरणही अर्थशास्त्रात जुनं आहे. पण कुठल्या चुकीपासून सुरुवात करायची, कुठले तीन बिंदू घ्यायचे, प्रश्न कधी विचारायचा, हे मी ठरवलं. नोट्समधली मौलिकता एवढीच असते, आणि विद्यार्थी पैसे देतो तेही एवढ्यासाठीच. पुस्तक त्याच्याकडे आधीपासून आहे.

‘पण मी रात्रंदिवस मेहनत केली’ हा युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो. मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण मेहनत म्हणजे मौलिकता नव्हे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हेच सांगितलं. एका ग्रामीण टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांची यादी छापली होती आणि फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने त्या नोंदी आपल्या मोठ्या डिरेक्टरीत घेतल्या. नक्कल झाली होती यात शंका नव्हती, कारण पहिल्या कंपनीने नक्कल पकडण्यासाठी मुद्दाम घातलेल्या चार बनावट नोंदीही फाइस्टच्या डिरेक्टरीत सापडल्या. तरीही न्यायालयाने फाइस्टच्या बाजूने निकाल दिला. नावं आणि नंबर वर्णानुक्रमे लावण्यात कितीही कष्ट असले तरी निर्मिती नाही, म्हणून तिथे संरक्षणही नाही. या निकालाची धार दोन्हीकडे आहे. निव्वळ वस्तुस्थिती घेण्यात नोट्सवाल्याचा दोष नाही. आणि निव्वळ वस्तुस्थिती गोळा करून ‘माझी मेहनत’ म्हणणाऱ्या नोट्सवाल्याला दुसऱ्याने ती घेतली तर ओरडण्याचा हक्कही फारसा उरत नाही.

त्या चार बनावट नोंदींमध्ये आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. नक्कल ओळखू येते ती बरोबर मजकुरावरून नाही, चुकीवरून. दोन माणसांनी बरोबर उत्तर लिहिलं तर काही सिद्ध होत नाही, दोघांनी एकच विचित्र चूक केली तर बरंच काही होतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी शेकडो हस्तलिखितांची कुळं लावली, तीही याच धर्तीच्या विचाराने. ज्या पोथ्यांमध्ये तेच पाठभेद आणि त्याच मागाहून घातलेल्या ओळी सापडतात, त्या एकाच मुळाशी पोहोचतात. माझ्या जुन्या नोट्समध्ये एका कोष्टकात बेरीज चुकली होती, ४७ च्या जागी ५७ पडलं होतं. मी ती सुधारली. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या एका संचात तेच कोष्टक दिसलं. आकड्यांचा क्रम बदलला होता, रंग बदलले होते आणि ५७ जागच्या जागी होते. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला हे दिसलं नसतं. ते जुळणारे शब्द मोजतं. व्याख्या आणि कायद्याची कलमं तीच असल्यामुळे प्रामाणिक नोट्सनाही ते वीस टक्के साम्य दाखवू शकतं आणि शब्द फिरवलेल्या चोरीला दोन टक्के देऊन सोडू शकतं. म्हणून टक्केवारीवर समाधान मानणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने शीर्षकांचा क्रम, उदाहरणं, आकृत्या आणि सुटून राहिलेले ‘वर पाहिल्याप्रमाणे’ तपासावेत.

आता किमतीकडे येते. संच करून विकणं मुळात वाईट नाही, उलट त्यामागचं गणित विद्यार्थ्याच्याही फायद्याचं असू शकतं. दोन विद्यार्थी घ्या. पहिल्याला सांख्यिकीचं प्रकरण ८० मोलाचं वाटतं आणि व्यापाराचं ३०. दुसऱ्याला नेमकं उलट. प्रकरणं सुटी विकली आणि किंमत ८० ठेवली, तर प्रत्येक जण एकच घेईल, मिळतील १६०. किंमत ३० ठेवली तर चारही विकली जातील, पण मिळतील १२०. दोन्ही एकत्र ११० ला दिली तर दोघेही घेतात, २२० मिळतात आणि दोघांच्याही हाती दोन्ही प्रकरणं पडतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये चित्रपटांच्या एकगठ्ठा विक्रीवर लिहिताना हाच तर्क मांडला होता. त्याची अट मात्र लोक विसरतात. आवडीनिवडी उलट असल्या तरच हे जमतं. पहिल्याला दोन्ही प्रकरणं ८० ची आणि दुसऱ्याला दोन्ही ३० ची वाटत असतील, तर संचाने एक पैसाही जास्त मिळत नाही. म्हणजे संच चालतो तो वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी अडचण असते म्हणून. पानं वाढल्याने चालत नाही.

पण खरेदी करणाऱ्याला आतलं दिसत नाही. पैसे देण्याआधी त्याला फक्त दोन गोष्टी दिसतात, किंमत आणि ‘चौदा प्रकरणं, दोनशे चाळीस पानं’. दुसऱ्या विक्रेत्याकडे सहाच प्रकरणं असतील तर तो न वाचताच मागे पडतो, मग त्याची सहा कितीही चांगली असोत. फाइलची आणखी एक प्रत काढायला खर्च शून्य, ती लिहायला मात्र आठवडा. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आठ प्रकरणं कुठून तरी उचलून भरण्याचा मोह अटळ होतो. त्या मुलाच्या संचात पाचव्या प्रकरणापासून भाषा का बदलली, याचं उत्तर मला इथे दिसतं. ‘विद्यार्थ्यांना संपूर्ण संचच हवा असतो’ असं विक्रेते म्हणतात, आणि ते खरंही आहे. मीही विद्यार्थिनी असताना तसाच मागितला असता. पण त्यातली आठ प्रकरणं पाठ्यपुस्तकाचीच सावली असतील, तर त्याने नेमकं काय घेतलं? स्वतःच्या दप्तरात असलेलंच पुस्तक, वाईट भाषेत, आकृत्या वगळून.

यावर मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांनी शोधलेला एक मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. तेराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसमध्ये ग्रंथविक्रेते मूळ प्रत सुट्या, न शिवलेल्या भागांत ठेवत. अशा एका भागाला ‘पेसिया’ म्हणजे तुकडा म्हणत. विद्यार्थी एक तुकडा भाड्याने नेई, उतरवून घेई, परत करून पुढचा नेई. भाडं किती घ्यायचं ते विद्यापीठ ठरवी, पॅरिसची १३०४ ची अशी दरयादी आजही उपलब्ध आहे. आणि भाड्याने द्यायची मूळ प्रत शुद्ध आहे की नाही हे विद्यापीठाची माणसं तपासत. म्हणजे विद्यार्थ्यांना अभ्याससामग्री विकत देण्याला विद्यापीठाचा विरोध नव्हता. विद्यापीठाचा आग्रह दोन गोष्टींचा होता: तुकडा सुटा मिळाला पाहिजे आणि तुकडा तपासलेला असला पाहिजे. आज आपल्यावर तपासनीस नाही, पण सुटा तुकडा ठेवणं आपल्या हातात आहे. प्रत्येक प्रकरण एकटं विकायला ठेवलं की ते स्वतःच्या पायावर उभं राहतं की नाही, हे दोन महिन्यांत कळतं. कुणी एकटं घेत नसेल तर ते संचात भर म्हणूनच होतं. आणि सुट्या प्रकरणाची किंमतही खरी हवी. सहा प्रकरणं प्रत्येकी ३० ला खरोखर विकली जात असतील तर ११० चा संच ही सवलत आहे. संच स्वस्त दिसावा एवढ्यासाठी सुट्याला ९० लावले आणि त्या भावाने कधी कुणी घेतलंच नाही, तर खोडलेला मोठा आकडा दाखवणं ही फसवणूक आहे, नोट्स कितीही अस्सल असल्या तरी.

एक गैरसमज मराठीत लिहिणाऱ्यांमध्ये विशेष दिसतो, म्हणून सांगते. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणलं की ते आपलं झालं, असं अनेकांना मनापासून वाटतं, कारण भाषांतरात खरोखर घाम गळतो. पण भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो, बर्न करारात तो स्पष्ट दिलेला आहे. इंग्रजी वाचून, पुस्तक मिटून, मराठी विद्यार्थ्याच्या अडचणीवरून लिहिलेलं प्रकरण वेगळं आणि वाक्याला वाक्य लावून आणलेलं वेगळं. जुन्या प्रश्नपत्रिकांचंही तेच. प्रश्नपत्रिकाही कुणीतरी रचलेली कृती असते. तिच्यातून कुठल्या प्रकारचे प्रश्न येतात ते शिकावं आणि आकडे, प्रसंग, क्रम बदलून नवे प्रश्न स्वतः तयार करावेत.

फुकट वाटाव्यात, विकूच नयेत, असं सुचवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर वाटाव्यात. पण फुकट फिरणाऱ्या संचांत मी सर्वांत जास्त चुका पाहिल्या आहेत, कारण त्यांवर कुणाचं नाव नसतं आणि चूक कळवायला कुणी सापडत नाही. विकणाऱ्याला निदान उत्तर द्यावं लागतं.

आज माझ्या संचात चौदापैकी नऊ प्रकरणं आहेत. खरेदीच्या पानावर चौदाही नावं लिहिली आहेत आणि पाच नावांपुढे ‘लिहिलेलं नाही’ असं आहे. नमुना म्हणून पहिलं पान न देता सातव्या प्रकरणाचं मधलं पान दिलं आहे, कारण भरती लपते ती मध्येच. प्रत्येक प्रकरणाखाली शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख आहे. गेल्या आठवड्यात एका मुलाचा निरोप आला, ‘मॅडम, उरलेली पाच कधी येणार? परीक्षा आली.’ मी त्याला कळवलं की या परीक्षेपूर्वी येणार नाहीत. त्या पाच प्रकरणांसाठी त्याच्याजवळच्या पुस्तकातले कोणते भाग वाचावेत तेही लिहिलं. त्याने नऊंचा संच घेतला नाही, फक्त लवचिकतेचं प्रकरण घेतलं.